बेरजेच्या वाटेवरचे ऋण

१८५६ सालच्या जुलै महिन्यात महाराष्ट्रात नऊ दिवसांच्या अंतराने दोन मुले जन्मास आली. एक १४ जुलैला, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. दुसरे २३ जुलैला, रत्नागिरीस. पहिले गोपाळ गणेश आगरकर आणि दुसरे बाळ गंगाधर टिळक. या दोघांची मैत्री, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकत्र काढलेले १०१ दिवस आणि पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून झालेली त्यांची फारकत हा इतिहास मराठी श्रोत्यांना ठाऊक आहे. परंतु या दोन जन्मतारखा आज एखाद्या अंकज्योतिष्यासमोर नावे न सांगता ठेवल्या, तर तो कागदावर थोडी आकडेमोड करील आणि गंभीरपणे सांगेल, की या दोन्ही माणसांच्या डोक्यावर पूर्वजन्मीचे एक कर्ज आहे, आणि त्या कर्जाचा आकडा चौदा आहे.

हा चौदा कोठून आला, तो दोघांच्याही वाट्याला का आला, आणि दुसऱ्या एखाद्या अंकज्योतिष्याने हीच तारीख हाती घेतली असता तो नाहीसा का होऊ शकतो, हे पाहण्यासारखे आहे. कारण अंकशास्त्र या नावाने चालणाऱ्या पद्धतीतील कर्मऋणाचा सगळा विचार या एका प्रश्नात सामावलेला आहे.

अंकज्योतिषात जन्मतारखेतील अंकांची बेरीज करून ती एकेरी अंकावर आणावयाची असते. नुसत्या दिवसाच्या तारखेवरून जो अंक निघतो त्यास आपल्याकडे मूलांक म्हणतात आणि दिवस, महिना व वर्ष या तिन्हींवरून जो निघतो त्यास भाग्यांक म्हणतात. सामान्यतः शेवटच्या एकेरी अंकाकडेच लक्ष असते. चार आला तर अमुक स्वभाव, पाच आला तर तमुक, अशी वर्णने ठरलेली असतात. परंतु कर्मऋणाच्या बाबतीत शेवटच्या अंकाकडे पाहावयाचे नसून त्याच्या आधीच्या पायरीकडे पाहावयाचे असते. एकेरी अंकावर उतरण्यापूर्वी जी दोन अंकी बेरीज कागदावर उमटते, ती १३, १४, १६ किंवा १९ असेल तर तेथे ऋण आहे असे समजतात. इतर कोणत्याही बेरजेत ते नाही. म्हणून जाणकार अंकज्योतिषी नुसता पाच लिहीत नाही. तो चौदा लिहून शेजारी तिरकी रेघ ओढतो आणि मग पाच लिहितो. तेराचा चार होतो, चौदाचा पाच, सोळाचा सात. एकोणिसाची बेरीज दहा आणि दहाची एक, म्हणून एकोणिसाचा शेवट एकावर होतो.

या चार संख्यांना जे अर्थ जोडलेले आहेत ते थोडक्यात असे. तेरा म्हणजे मागील जन्मी कामाची टाळाटाळ केली आणि आपला भार दुसऱ्यांवर टाकला. म्हणून या जन्मी प्रत्येक गोष्ट कष्टाने आणि अडथळ्यांतून मिळावयाची. चौदा म्हणजे स्वातंत्र्याचा दुरुपयोग केला, इंद्रियांना मोकळे सोडले. म्हणून या जन्मी सारखी उलथापालथ आणि संयमाची परीक्षा. सोळा म्हणजे अहंकार आणि प्रेमातील अपराध. म्हणून उभारलेले एकदम कोसळणे आणि त्यातून नम्रता शिकणे. एकोणीस म्हणजे सत्तेचा स्वार्थासाठी वापर. म्हणून या जन्मी एकाकीपणा, आणि स्वतःच्या पायांवर उभे राहूनही दुसऱ्याची मदत घ्यावयास शिकणे. सोळा ऐकल्यावर विवाहाच्या बोलण्यांत चलबिचल का होते, हे यावरून सहज कळेल.

आता प्रत्यक्ष गणित. टिळकांची तारीख घेऊ. २३ जुलै १८५६. पहिल्या पद्धतीत दिवस, महिना आणि वर्ष यांना आधी वेगवेगळे एकेरी करावयाचे असते. तेविसाचे दोन आणि तीन मिळून पाच. जुलै हा सातवा महिना, म्हणून सात. १८५६ या सालातील एक, आठ, पाच आणि सहा यांची बेरीज वीस, आणि विसाचे दोन. आता पाच, सात आणि दोन यांची बेरीज करावी. ती चौदा येते. चौदाचे एक आणि चार मिळून पाच. भाग्यांक पाच, आणि तो चौदातून आलेला. म्हणून ऋण चौदा. अमेरिकेतील हॅन्स डेकोझ यांच्यासारखे आधुनिक लेखक याच पद्धतीचा पुरस्कार करतात.

दुसरी पद्धत याहूनही सोपी, आणि म्हणून अधिक घरगुती आहे. तीत तारखेतील सगळे अंक एका ओळीत मांडून सरळ बेरीज करतात. दोन, तीन, सात, एक, आठ, पाच, सहा, बेरीज बत्तीस. बत्तिसाचे तीन आणि दोन मिळून पाच. भाग्यांक तोच, पाच. पण वाटेत बत्तीस लागले, चौदा लागलेच नाहीत. बत्तीस ही ऋणसंख्या नव्हे. ऋण गेले.

तिसऱ्या पद्धतीत अंक न मोडता पूर्ण संख्याच एकीखाली एक लिहून मिळवितात. तेवीस अधिक सात अधिक १८५६ म्हणजे १८८६. त्यातील अंकांची बेरीज तेवीस, आणि तेविसाचे पुन्हा पाच. येथेही भाग्यांक पाचच. आणि येथेही ऋण नाही.

एकच माणूस, एकच तारीख, एकच अंतिम उत्तर. तीनांपैकी एका पद्धतीत तो जन्मजन्मांतरीचा कर्जदार ठरतो आणि दोन पद्धतींत निष्कलंक राहतो. ज्या श्रोत्यांच्या हाताशी कागद असेल त्यांना स्वतःच्या तारखेवर हे तीनही प्रयोग दोन मिनिटांत करून पाहता येतील.

याचे कारण गूढ नाही. जुन्या मराठी शाळेत गुणाकार बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मुले नवाचा ताळा घेत असत. तेच तत्त्व येथे आहे. दहा मण्यांतून नऊ काढले तर एक उरतो. तेवीस म्हणजे दोन दहा आणि वर तीन. प्रत्येक दहातून नऊ काढून टाकले तर दोन उरले, आणि वरचे तीन मिळून पाच झाले. म्हणजे अंकांची बेरीज करणे म्हणजे त्या संख्येतून नऊ नऊ काढून बाकी पाहणे होय. जेथे बाकी काहीच उरत नाही तेथे नऊच धरावयाचा. शंभरातून आणि हजारातूनही नवांचे गट काढले तर एकच उरतो. त्यामुळे अंक कसेही गटांत बांधले, आधी मोडले किंवा मागून मोडले, तरी शेवटची बाकी बदलत नाही. भाग्यांक पाच आला तो तीनही वाटांनी पाचच येणार. अंकज्योतिषाच्या आकडेमोडीत एवढी एक गोष्ट पक्की आहे.

परंतु पाचावर येणाऱ्या संख्या पुष्कळ आहेत. चौदा, तेवीस, बत्तीस, एक्केचाळीस, पन्नास. प्रत्येक मागीलपेक्षा नवाने मोठी. यांपैकी कोणती संख्या वाटेत भेटेल हे तारीख एकटी ठरवीत नाही, बेरीज करणाऱ्याचा हात ठरवितो. पहिल्या पद्धतीत तीनही भाग आधीच एकेरी झालेले असतात, म्हणून त्यांची बेरीज सत्तावीसच्या वर जाऊच शकत नाही. साहजिकच ती वारंवार तेरा ते एकोणीस यांच्या आसपास येऊन पडते. दुसऱ्या पद्धतीत सालाचे अंक सुटे राहतात आणि बेरीज पुष्कळदा त्या पट्ट्याच्या वर निघून जाते. भाग्यांकातील ऋण कोठे दिसावे आणि कोठे दिसू नये हे असे साध्या अंकगणिताने आधीच ठरून गेलेले असते.

१८५६ या सालावरून हे फार स्पष्ट दिसते. या सालातील अंकांचीच बेरीज वीस आहे. सरळ ओळीच्या पद्धतीत त्यात महिन्याचा निदान एक आणि दिवसाचा निदान एक मिळवावा लागतो. म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या कोणाही माणसाची बेरीज बाविसाच्या खाली येत नाही आणि चाळिसाच्या वर जात नाही. ऋणसंख्यांतील सर्वांत मोठी एकोणीस. तात्पर्य, त्या वर्षी पृथ्वीच्या पाठीवर जन्मलेल्या एकाही मनुष्याच्या भाग्यांकात या पद्धतीने ऋण निघूच शकत नाही. सगळे वर्ष कर्जमुक्त.

आता तेच वर्ष पहिल्या पद्धतीने पाहू, आणि एकच महिना घेऊ, जुलै. महिन्याचे सात आणि सालाचे दोन मिळून नऊ झाले. त्यात दिवसाचा एकेरी अंक मिळवावयाचा. तो चार असेल तर तेरा होतात. म्हणून ४, १३, २२ आणि ३१ या तारखांना तेराचे ऋण. तो पाच असेल तर चौदा. म्हणून ५, १४ आणि २३ यांना चौदाचे ऋण. तो सात असेल तर सोळा. म्हणून ७, १६ आणि २५ यांना सोळाचे. या झाल्या दहा तारखा. शिवाय या संप्रदायात दिवसाची तारीख स्वतःच १३, १४, १६ किंवा १९ असली तरीही ऋण धरतात. त्यामुळे १९ तारीख अकरावी आली. एकतीस दिवसांच्या महिन्यात अकरा दिवस ऋणको. काही अंकज्योतिषी ११ आणि २२ या संख्यांना श्रेष्ठ मानून त्या मोडीत नाहीत. त्यांच्या नियमाने २२ तारखेचे गणित एकतिसावर जाते आणि ती तारीख यादीतून गळते. तरीही दहा उरतात. एका पद्धतीने ज्या वर्षात एकही माणूस सापडत नाही, तेथे दुसऱ्या पद्धतीने एका महिन्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा माणसे सापडतात. जे कर्ज इतक्या लोकांना समान आहे, ते एका व्यक्तीविषयी काही विशेष सांगते असे म्हणणे अवघड आहे.

टिळक आणि आगरकर या दोघांनाही चौदा का आला, याचेही उत्तर यातच आहे. त्यांच्या जन्मांत नऊ दिवसांचे अंतर आहे, आणि महिना व साल एकच आहे. नऊ काढून टाकावयाचे म्हटल्यावर ५, १४ आणि २३ या तारखा एकाच ठिकाणी येऊन पोचणार. मात्र दोघांत एक भेद आहे. टिळकांचा चौदा केवळ बेरजेच्या वाटेवर आहे. वाट बदलली की तो जातो. आगरकरांचा जन्मदिवसच चौदा आहे. तो बेरीज कशीही केली तरी जात नाही, कारण त्यासाठी बेरीज करावीच लागत नाही. म्हणून अंकज्योतिषी टिळकांकडे एक ऋण दाखवील आणि आगरकरांकडे दोन.

दोन्ही चरित्रांवर चौदाचा अर्थ लावून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. उलथापालथ, स्वातंत्र्य, संयमाची परीक्षा हे शब्द दोघांच्याही आयुष्याला लावता येतील. तुरुंग दोघांनीही पाहिला. परंतु ज्या गोष्टींनी ही दोन माणसे एकमेकांपासून वेगळी झाली, त्यांविषयी हा आकडा मौन पाळतो. आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडून पुढच्या वर्षी सुधारक काढला. टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. एक समाजसुधारणेला अग्रक्रम देणारा बुद्धिवादी, तर दुसरा राजकीय स्वातंत्र्याला. एक वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी १८९५ मध्ये वारला, दुसरा चौसष्ट वर्षे पूर्ण करून १९२० मध्ये. ज्याच्याकडे दोन ऋणे तो लवकर गेला, असे आता मागाहून म्हणता येईल. पण निकाल हाती असताना त्याचे कारण कोणत्याही आकड्यात सापडविणे कठीण नसते. कसोटी उलट दिशेने घ्यावयास हवी: निकाल झाकून ठेवून, केवळ आकड्यांवरून, दोघांतील भेद सांगता आला पाहिजे. चौदावरून तो सांगता येत नाही.

दुसऱ्या पद्धतीत ऋण नेहमीच लपते असेही समजू नये. विसाव्या शतकाच्या अखेरीस सालाच्या अंकांची बेरीज फार मोठी झाली होती. १९९९ ची अठ्ठावीस होते, म्हणून त्या वर्षी जन्मलेले सगळे लोक या पद्धतीने निर्ऋण. पण दुसऱ्याच दिवशी २००० साल उजाडले आणि सालाची बेरीज एकदम दोनवर आली. त्याबरोबर बेरजा खाली घसरल्या आणि ऋणांच्या पट्ट्यात शिरू लागल्या. २८ एप्रिल २००० ही तारीख पाहावी. सरळ ओळीने दोन, आठ, चार आणि दोन मिळून सोळा होतात, म्हणजे सोळाचे ऋण. वेगवेगळे एकेरी करून मात्र अठ्ठाविसाचा एक, एप्रिलचे चार, सालाचे दोन, मिळून सातच. येथे टिळकांच्या नेमके उलट घडले. म्हणून कोणती पद्धत सौम्य आणि कोणती कठोर असेही सांगता येत नाही. एखाद्या मुलीच्या आईबापांना कोणी सांगितले की हिच्या अंकात सोळा आहे, तर त्यांनी विचारावयाचा पहिला प्रश्न हाच, की हा सोळा तारखेत छापलेला आहे की बेरजेत भेटलेला आहे. आणि बेरजेत असेल तर दुसऱ्या पद्धतीने तो टिकतो काय.

हा प्रश्न तारखेत छापलेल्या ऋणांपर्यंतही नेला पाहिजे. कारण तारीख तरी किती पक्की असते? १४ जुलै १८५६ ही तारीख ग्रेगरी दिनदर्शिकेची. त्याच दिवशी पंचांगात शके १७७८ चालू होते. १८५६ चे अंक दोनवर येतात आणि १७७८ चे अंक तेविसावरून पाचावर येतात. तिथी निराळी, महिना निराळा, साल निराळे. ऋण मात्र इंग्रजी तारखेतच का लिहिलेले असावे? इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीन वाजता जन्मलेले मूल इंग्रजी गणनेने चौदा तारखेचे, पण जुन्या माणसांच्या दृष्टीने अजून आदल्याच वाराचे. शिवाय महाराष्ट्रातील मागच्या पिढ्यांतील असंख्य लोकांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून अशी आहे. शाळा जूनमध्ये उघडे, खरी तारीख घरात कोणास ठाऊक नसे, आणि गुरुजी सोयीची तारीख लिहून मोकळे होत. त्या माणसाचे पूर्वजन्मीचे ऋण गुरुजींच्या टाकाने माफ झाले असे मानावे लागेल.

तारखेनंतर नाव. या संप्रदायात नावाचीही बेरीज करतात आणि तेथेही हीच चार ऋणे शोधतात. त्यासाठी रोमन लिपीतील अक्षरांना क्रमाने एक ते नऊ अंक देतात. नऊ अक्षरे झाली की पुन्हा एकापासून सुरुवात. या मांडणीला पायथागोरसचे नाव देण्याची रीत आहे. वस्तुतः पायथागोरसचे स्वतःचे काही लेखन उरलेले नाही, तो ग्रीक होता, आणि ज्या रोमन वर्णमालेवर ही मांडणी आधारलेली आहे तीत प्राचीन काळी नसलेली जे, डब्ल्यू यांसारखी अक्षरे आहेत. ही पद्धत तिच्या आजच्या स्वरूपात विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, ॲटलांटिक सिटी येथील श्रीमती एल. डाऊ बॅलिएट आणि त्यांच्या मागून आलेल्या लेखकांनी प्रचारात आणली.

मराठी नावावर ती लावली म्हणजे काय होते, याची दोन साधी उदाहरणे पुरेत. वसंत हे नाव रोमन लिपीत व्ही या अक्षराने सुरू केले तर अंक पडतात चार, एक, एक, एक, पाच, दोन, बेरीज चौदा. तेच डब्ल्यूने सुरू केले तर पहिला अंक पाच होतो आणि बेरीज पंधरा. आपल्या जिभेवर या दोन अक्षरांत भेद नाही. वसंत हा वसंतच. पण एका दाखल्यावर तो ऋणको आणि दुसऱ्यावर मोकळा. लीला हे नाव एका आयने लिहिले तर तीन, नऊ, तीन, एक, मिळून सोळा. दोन ई घालून लिहिले तर तीन, पाच, पाच, तीन, एक, मिळून सतरा. जाणते अंकज्योतिषी केवळ पहिल्या नावावर न थांबता संपूर्ण नाव घेतात हे खरे. परंतु प्रत्येक भागात अशीच निवड असल्यामुळे अडचण कमी न होता वाढते. तारखेच्या बाबतीत निदान शेवटचा अंक तरी स्थिर राहत होता. नावाच्या बाबतीत तोही राहत नाही, कारण येथे बेरजेची वाट नव्हे, मूळ संख्याच बदलते. नावात एखादे अक्षर वाढवून ऋण फेडून देण्याचा जो व्यवसाय चालतो तो याच सोयीवर उभा आहे.

चार संख्यांचे अर्थही सर्वत्र एक नाहीत. आपल्याकडे ज्याचे नाव घरोघरी पोचले त्या कीरोच्या, म्हणजे काउंट लुई हॅमन यांच्या पद्धतीत दोन अंकी संख्यांना स्वतंत्र अर्थ आहेत. तीत सोळा ही वीज पडून ढासळणाऱ्या मनोऱ्याची संख्या आहे. हे ऋणवाद्यांशी जुळते. परंतु एकोणीस ही त्याच्या मते सूर्याची, अत्यंत शुभ संख्या होय. १९ तारखेस जन्मलेला मनुष्य एका ग्रंथाप्रमाणे सूर्यासारखा भाग्यवान आणि दुसऱ्याप्रमाणे सत्तेचा दुरुपयोग करून आलेला अपराधी. दोहोंपैकी कोणाचे खरे हे ठरविण्यासाठी दोन्ही पक्षांकडे आकड्याबाहेरचा पुरावा नाही.

राहता राहिला ऋण हा शब्द. मराठी मनाला तो एकदम भिडतो, कारण तो आपल्या परंपरेचाच आहे. मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो ही कल्पना वेदकाळापासूनची आहे. परंतु त्या ऋणात आणि या ऋणात मोठे अंतर आहे. ते ऋण अमुक तारखेला जन्मलेल्यांनाच नसते; ते घेऊनच मनुष्य जन्मतो, आणि ते यज्ञाने, अध्ययनाने व संततीने फेडावयाचे असते. त्यासाठी कोणाला अपराधी ठरवावे लागत नाही. कर्मसिद्धान्तातही संचित आणि प्रारब्ध यांचा हिशेब मनुष्याला दिसत नाही असेच धरलेले आहे. तो पाच ओळींच्या बेरजेत उघडा पडतो असे नाही. अमेरिकेतून आलेल्या पद्धतीने आपला शब्द उचलला आणि त्याला आकडा जोडला, एवढ्यावरून तो आकडा आपल्या परंपरेचा होत नाही.

तेरा, चौदा, सोळा आणि एकोणीस या संख्यांमध्ये भिण्यासारखे काही आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु ज्याला कोणी असे ऋण सांगितले असेल त्याने कागदावर आपली तारीख लिहून ती तीन वाटांनी एकेरी करून पाहावी. शेवटचा अंक तीनही वेळा तोच येईल. मधला बहुधा बदलेल. जो बदलला तो त्याच्या तारखेतला नव्हता. बेरीज मांडणाऱ्याच्या पद्धतीतला होता. टिळकांच्या तारखेतून चौदा असाच निघून जातो, आणि आगरकरांच्या तारखेत जो उरतो तो महिन्याच्या चौदाव्या दिवसाहून अधिक काही नसतो.